बेडरूममधला टीव्ही भिंतीवर: ब्रॅकेट, भोकं, उंची आणि झुकाव (सांगली, गावभागातलं जुनं घर)

९ नोव्हेंबर

दिवाळीच्या ऑफरमध्ये ४३ इंची टीव्ही घेतला, तो आई-आप्पांच्या खोलीत लावायचाय. जुना ३२ इंची कपाटावर ठेवलेला होता, तो आता वर पोरांच्या खोलीत गेला. कंपनीकडून माणूस आला होता फिटिंगला, आला तसा भिंतीसमोर उभा राहिला, हात वर केला आणि पेन्सिलनं साडेपाच फुटावर खूण केली. म्हटलं एवढ्या वर का, तर म्हणाला "सगळीकडं तेवढ्यावरच लावतो साहेब". ब्रॅकेटही त्यानं साधा फिक्स आणलेला, म्हणजे टीव्ही भिंतीला चिकटून सरळ, पुढं झुकायचं नाव नाही. त्याला चहा पाजला आणि म्हटलं डेमो दाखवा, वॉरंटी चालू करा, भिंतीचं मी बघतो.

कारण असं की त्यानं खूण केली ती उभं राहून. या खोलीत उभं राहून टीव्ही कोण बघणार? आप्पा पलंगावर पाय लांब करून, पाठीला दोन उशा घेऊन बघतात, आई शेजारी. आप्पांना मानेचा त्रास आहे, पट्टा लावून झालाय, त्यामुळं उंची चुकली तर रोज रात्री त्याची किंमत मोजावी लागणार. म्हणून आधी उंची ठरवायची, मग ब्रॅकेट घ्यायचा, मग भोकं पाडायची असं ठरवलंय. बहुतेक जण हे उलट्या क्रमानं करतात, आधी ब्रॅकेट येतो आणि मग तो जिथं बसेल तिथं टीव्ही.

खोलीचं माप: पलंगाच्या उशाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत बारा फूट. आप्पा टेकून बसले की डोळे आणि स्क्रीन यात साधारण ३ मीटर राहतात. ४३ इंचीला हे अंतर बरोबर आहे.

१० नोव्हेंबर

आज नुसता पुठ्ठा. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा टीव्हीच्या बाहेरच्या मापाचा कापला, ९६ बाय ५६ सेंटिमीटर, मधोमध मोठी फुली मारली आणि मास्किंग टेपनं भिंतीला चिकटवून वर-खाली करत बसलो.

हॉलसाठी नेहमी सांगतात की स्क्रीनचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत पाहिजे. आप्पांचे डोळे टेकून बसल्यावर जमिनीपासून ९८ सेंटिमीटरवर येतात, म्हणून पहिल्यांदा पुठ्ठ्याची फुली तिथंच लावली. आप्पा म्हणाले, "दिसतंय, पण धुरकट दिसतंय". पुठ्ठ्यावर मी स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ते नीट वाचता येईना. मग लक्षात आलं, चष्मा बायफोकल! टेकून बसलं की डोकं मागं जातं, मग समोर खाली बघायला नजर चष्म्याच्या खालच्या भागातून जाते आणि तो भाग पेपर वाचायचा, तीन मीटरवरचं बघायचा नाही. स्पष्ट बघायचं तर हनुवटी छातीला लावावी लागते, तेच मानेला नको. म्हणजे हॉलचा नियम पलंगाला चालत नाही, टीव्ही वरच पाहिजे, फक्त किती वर एवढाच प्रश्न.

त्यासाठी सोपी युक्ती केली. आप्पांना म्हटलं नेहमीसारखं टेकून बसा, डोळे मिटा, मान सैल सोडा, आता डोळे उघडा आणि नजर पहिल्यांदा भिंतीवर जिथं पडेल ते सांगा. मी भिंतीपाशी पट्टी धरून उभा. दोन-तीनदा केलं, दर वेळी १५०-१६० च्या मधेच. आईचं थोडं खाली आलं, ती एकच उशी घेते आणि जरा घसरून बसते, पण तिला वरचं चालतं, तिच्या मानेला काही नाही. फुलीची जागा १५५ वर पक्की केली. पुठ्ठा रात्रभर तसाच ठेवला, आप्पा म्हणाले अजून काही लागत नाहीये का यावर.

साडेपाच फुटाची खूण ब्रॅकेटच्या मधल्या रेषेची होती. स्क्रीनचा मध्य त्या रेषेच्या थोडा वर येतो, त्या मापानं तो जवळजवळ १७३ वर गेला असता, म्हणजे आपल्यापेक्षा वीतभर वर, आणि तोही सरळ.

११ नोव्हेंबर

झुकाव किती पाहिजे ते काढलं. डोळ्यांपासून स्क्रीनच्या मध्यापर्यंत जी रेघ जाते तिला स्क्रीन काटकोनात पाहिजे, म्हणजे चित्र चेपलेलं किंवा फिकं दिसत नाही. डोळे ९८ वर, मध्य १५५ वर, फरक ५७ सेंटिमीटर. तीन मीटरवर एक अंश म्हणजे सव्वापाच सेंटिमीटर धरा, ५७ भागिले सव्वापाच, आले ११ अंश. अंतर वेगळं असेल तर प्रत्येक मीटरला एका अंशाचे पावणेदोन सेंटिमीटर या हिशेबानं काढा, कॅल्क्युलेटरवर टॅन करत बसायची गरज नाही.

झुकाव कशाला, दोन-चार अंशांनी काय फरक पडतो असं वाटत असेल तर एक आरसा घ्या. उशाच्या भिंतीवर, म्हणजे आप्पांच्या डोक्यावर, २२० सेंटिमीटरवर ट्यूबलाईट आहे. दाढीचा आरसा समोरच्या भिंतीवर १५५ ला सपाट धरला, बायको धरून उभी आणि मी पलंगावर आप्पांच्या जागी. आरशात बरोबर मधोमध ट्यूब! म्हणजे सरळ लावलेल्या टीव्हीत रात्रीच्या काळ्या सीनमध्ये हीरोच्या तोंडावर पांढरी कांडी दिसली असती. मग आरशाच्या वरच्या कडेमागं पुठ्ठ्याच्या घड्या घालत तो पुढं झुकवला. ५ अंशाला आरसा मध्यावर धरला तर ट्यूब गायब, पण आरसा टीव्हीच्या वरच्या कडेच्या उंचीला सरकवला की अजून चकाकी डोकावत होती. १० च्या पुढं वरच्या कडेलाही काही नाही, आरशात फक्त मी, उशी आणि पलंगाची फळी. चित्रासाठी काढलेला झुकाव आणि चकाकीचा झुकाव एकच निघाला हे आपलं नशीब, पण तुमची ट्यूब बाजूच्या भिंतीवर असेल तर झुकवून उपयोग नाही, तिथं ट्यूबच हलवावी लागेल.

१२ नोव्हेंबर

ब्रॅकेट. दुकानात गेलं की पहिला प्रश्न "किती इंची?" आणि आपण म्हणतो ४३ की लगेच "३२ ते ५५" लिहिलेलं पाकीट हातात. इंचावर काही ठरत नाही. बघायच्या दोन गोष्टी: टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांचं अंतर आणि वजन. भोकांच्या अंतराला व्हेसा म्हणतात, मिलिमीटरमध्ये, आधी आडवं मग उभं. २०० बाय १०० म्हणजे आडवं २०० आणि उभं १००.

घरात जुन्या ३२ इंचीबरोबर आलेला एक ब्रॅकेट पडून होता, कधी लावलाच नव्हता. आप्पांचं म्हणणं "हाय की घरात, कशाला पैसे घालवतोस". त्याची प्लेट जास्तीत जास्त २०० बाय १०० ची. नवीन टीव्ही गादीवर पालथा घातला (खाली मऊ चादर, आणि स्क्रीनवर हाताचा दाब अजिबात नाही), टेपनं भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत मोजलं तर २०० बाय २००. वरची दोन भोकं बसतात, खालची दोन हवेत. दुकानदार म्हणतात दोन स्क्रूवरही राहतो, राहत असेल, पण आपण झुकवणार आहोत, सगळा ओढा वरच्या दोन स्क्रूंवर आणि प्लास्टिकच्या पाठीवर येणार. नको. प्लेटला जादा भोकं पाडायचा सल्लाही मिळाला, तोही नको.

मग प्रकार कुठला. फिक्स बाद झालाच. मी आधी हातवाल्या ब्रॅकेटकडं झुकलो होतो, तो भिंतीतून बाहेर ओढता येतो, आईच्या बाजूला वळवता येतो, दिसायला भारी. इलेक्ट्रिशियन मामांना विचारलं तर त्यांनी भिंतीवर बोटाची गाठ वाजवली आणि म्हणाले, "ही मातीतली वीट हाय, हिच्यावर हात लावू नको भावा". त्याचा हिशेब असा: टीव्ही ७ किलोचा. हात ४० सेंटिमीटर बाहेर काढला की ७ गुणिले ४०, आणि भिंतीवरच्या प्लेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंत ८ सेंटिमीटरचं अंतर असेल तर वरच्या ओळीला भिंतीतून उपसायचा जोर ३५ किलोचा. झुकणाऱ्या ब्रॅकेटमध्ये टीव्हीचं वजन भिंतीपासून आठेक सेंटिमीटरवर असतं, तिथं हाच जोर ७ किलोच्या आसपास येतो. टीव्ही तोच, भिंत तीच, जोर पाचपट. वर हात रोज हलवला की तो जोर रोज कमी-जास्त होतो आणि स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी भोकात ढिली पडत जाते. आरसीसीची भिंत असती तर खुशाल घेतला असता.

घेतला तो झुकणारा, दोन उभ्या पट्ट्या टीव्हीला आणि एक आडवी प्लेट भिंतीला, पट्ट्या प्लेटवर वरून अडकतात. ४०० बाय ४०० पर्यंत चालतो, झुकाव ० ते १५ अंश, ६५० रुपये. दुकानातच दोन्ही पट्ट्यांचे नॉब पिरगाळून बघा, एका पिसाचा आटा घसरत होता तो बदलून घेतला.

१३ नोव्हेंबर

स्क्रू. ब्रॅकेटच्या पाकिटात स्क्रूंची अख्खी पुरचुंडी येते, एम४, एम५, एम६, एम८, आखूड-लांब सगळे. आपल्या टीव्हीला एम६ (माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ते खोक्याबरोबर फेकू नका). बोटानं चार-पाच आटे सहज फिरले पाहिजेत, अडला तर जाडी किंवा आटा चुकीचा आहे, पाना लावून रेटू नका, आणि ड्रिल मशीन तर अजिबात नाही.

जाडीपेक्षा जास्त घोळ लांबीचा आहे. या टीव्हीची वरची दोन भोकं १२ मिलिमीटर खोल खड्ड्यात आहेत आणि खालची दोन पाठीच्या सपाटीला. म्हणजे सरळ पट्टी ठेवली तर वरच्या भोकांपाशी पट्टीखाली पोकळी राहते, पट्टी आवळली की पाठ वाकते. त्या खड्ड्यात प्लास्टिकचे स्पेसर घालायचे, पाकिटात असतात. आणि मग वर लांब स्क्रू, खाली आखूड. किती लांब ते काढायला उदबत्तीची काडी भोकात हळूच टेकेपर्यंत घातली, नखानं खूण धरली आणि मोजली. वरच्या भोकात कडेपासून २४, खालच्यात १२. पट्टी आणि वायसर मिळून ३ मिलिमीटर जातात, म्हणून वर २५ चा स्क्रू (आत २२ जातो, त्यातले १२ स्पेसरमध्ये, १० आट्यात) आणि खाली १२ चा (आत ९). दोन्हीकडं तळाला थोडी जागा राहते. पाकिटातला ३० चा स्क्रू वर लावला असता तर तो तळाला टेकून आतल्या पॅनेलच्या मागं दाबला असता, आणि स्क्रीनवर पांढरा डाग आला की वॉरंटीवाले आधी पाठ बघतात. २५ चे पाकिटात नव्हते, हार्डवेअरमधून आणले, चार रुपयाला एक.

१५ नोव्हेंबर

भिंतीवर खूण कुठं करायची. इथं बरेच जण फसतात कारण टीव्हीचा मध्य आणि भोकांचा मध्य एक नसतो. आपल्या टीव्हीत भोकांचा मध्य स्क्रीनच्या मध्यापेक्षा ८ सेंटिमीटर खाली आहे. १५५ ला प्लेट ठोकली असती तर टीव्ही वर सरकला असता आणि पुठ्ठ्याची सगळी मेहनत वाया.

आकडेमोड करण्यापेक्षा जोडून मोजा. टीव्ही पालथा, दोन्ही पट्ट्या स्क्रूनं लावलेल्या, त्यावर भिंतीची प्लेट खरोखर अडकवली, जशी भिंतीवर असेल तशी. मग टीव्हीच्या वरच्या कडेपासून प्लेटच्या वरच्या भोकांच्या ओळीपर्यंत टेप लावली: २९ सेंटिमीटर. खालची ओळ त्याच्या ८ खाली. आता भिंतीवर: मध्य १५५, टीव्हीची अर्धी उंची २८, म्हणजे वरची कड १८३. त्यातून २९ वजा, वरची ओळ १५४ ला, खालची १४६ ला. झुकवल्यावर मध्य हलतो का तेही बघितलं, अर्धा सेंटिमीटरसुद्धा खाली येत नाही, सोडून द्या.

पाणसळीनं रेघ मारली. टेप जमिनीपासून दोन्ही टोकांना मोजून रेघ मारली असती तर रेघ तिरकी आली असती, कारण जुनी फरशी खोलीच्या एका बाजूला खचलीय. जुन्या घरात जमिनीवर विश्वास ठेवू नका, एकाच ठिकाणी उंची मोजा आणि पुढं पाणसळ.

आणि वायर. या भिंतीत डावीकडं स्विचबोर्ड आहे, त्याचा पाईप बोर्डाच्या सरळ वर छतापर्यंत जातो, म्हणून बोर्डाच्या वर-खालचा वीतभर पट्टा सोडून दिला. टीव्ही तसाही त्याच्या उजवीकडं आहे.

१६ नोव्हेंबर

भोक पाडलं आणि घोटाळा झाला.

या भिंतीचा इतिहास असा की २०१९ च्या पुरात खोलीत पाणी होतं, नंतर खालचा सगळा गिलावा काढून साधारण पाच फुटांपर्यंत सिमेंटचा नवीन केला. वरचा जुना चुन्याचा तसाच. पाच फूट म्हणजे १५२ सेंटिमीटर. आपली वरची ओळ १५४ ला! सांध्याच्या बरोब्बर वर, जिथं जुना गिलावा नव्याला धरत नाही. वाजवलं तर डबडब आवाज.

मामांनी तरी पहिलं भोक पाडून बघितलं. आधी पांढरी भुकटी, मग तपकिरी, आणि मग बीट एकदम लोण्यात गेल्यासारखं आत. ती तपकिरी भुकटी म्हणजे विटांच्या मधली माती. वीट लागली तर भुकटी लालभडक येते आणि बीट अडत अडत जातं. गिट्टी घातली, स्क्रू पिळला तर गिट्टी स्क्रूबरोबर गोल फिरायला लागली, हातानं ओढली तर मूठभर माती घेऊन बाहेर. हॅमर चालू होता त्यामुळं भोकही वाकडंतिकडं मोठं झालेलं. अर्धा दिवस गेला आणि पलंगावर धुरळा, आईनं तेवढ्यात दोनदा विचारलं की कपाटावरच काय वाईट होतं.

लोखंडी फास्टनर घालू का असं मनात आलं, मामा नको म्हणाले आणि बरोबर म्हणाले. फास्टनर आत फुलतो आणि भोकाच्या भिंती दाबून धरतो, काँक्रीटमध्ये तो पक्का बसतो, मातीत बांधलेल्या विटेत तो वीटच फोडतो किंवा सांध्यातनं बाजूला सरकवतो. भोकात सिमेंट भरून परत पाडायचं हाही उपाय लोक करतात, पण सिमेंटचा गोळा आत मातीलाच चिकटलेला असतो, गोळ्यासकट बाहेर येतो.

अडचण अशी की ब्रॅकेटची भोकं ब्रॅकेट ठरवतो आणि वीट कुठं आहे ते भिंत ठरवते, दोघांचं जमत नाही. म्हणून मधे प्लाय.

१८ नोव्हेंबर

१८ मिलिमीटर प्लाय, ७० बाय ३० चा तुकडा सुतारकाकांकडून, पाण्याला टिकणारा घ्या, ३०० रुपये. जुन्या घरात वाळवी असतेच, म्हणून चारी कडा आणि पाठ ऑइलपेंटनं रंगवली. प्लाय भिंतीला विटा असतील तिथं धरायचा आणि ब्रॅकेट प्लायला आपल्याला पाहिजे तिथं.

ब्रॅकेटसाठी प्लायला पाठीमागून टी-नट ठोकले, म्हणजे पुढून बोल्ट येतो आणि मागं लोखंडी नट दात रुतवून बसलेला असतो. साधे लाकडी स्क्रूही चालले असते सात किलोला, पण ब्रॅकेट कधी काढून परत लावायचा झाला तर लाकडातलं भोक ढिलं होतं, नटात होत नाही. हे आधी करायचं, प्लाय भिंतीला लागल्यावर पाठीमागं हात जात नाही.

वीट शोधायला बारीक ४ चं बीट घेतलं, हॅमर बंद, आणि प्लायच्या मागं झाकल्या जाणाऱ्या जागेत टोचून टोचून बघितलं. लाल आलं की खूण, तपकिरी आलं की फुली. थोड्या वेळात विटांच्या ओळी कुठून कुठं जातात ते भिंतीवर उमटलंच. खुणांवरून प्लायला सहा भोकं ठरवली, एका रेषेत नाहीत, वेडीवाकडी आहेत, पण प्रत्येक विटेच्या पोटात आहे. टीव्हीमागं कोण बघतंय.

मग १० मिलिमीटरची लांब गिट्टी आणि १०० चा स्क्रू. एवढा लांब कशाला तर प्लाय १८, जुना गिलावा २८ पर्यंत जाड, म्हणजे ४६ मिलिमीटर नुसते वाटेतच गेले, विटेत उरले ५४. पाकिटातली ५० ची गिट्टी लावली असती तर निम्म्याहून जास्त गिलाव्यात राहिली असती आणि गिलावा वजन धरत नाही. नवीन आणि जुन्या गिलाव्याच्या पातळीत बोटाच्या पेरापेक्षा थोडा कमी फरक निघाला, प्लाय डुगडुगत होता, तिथं लॅमिनेटचे तुकडे घालून भरला. न भरता स्क्रू आवळले तर प्लाय वाकतो आणि ब्रॅकेटही वाकडा बसतो.

लावून झाल्यावर प्लेटला पाण्याचा २० लिटरचा भरलेला कॅन दोरीनं टांगला, प्लायच्या वरच्या कडेला भिंतीवर बारीक पेन्सिलची रेघ, आणि रात्रभर सोडला. टीव्हीच्या जवळजवळ तिप्पट वजन झालं.

१९ नोव्हेंबर

रेघ जागच्या जागी. टीव्ही चढवला, मी आणि बायको दोघांनी, एकानं चढवू नका, वजनाचा प्रश्न नाही, दोन्ही पट्ट्या एकदम अडकल्यात का ते एकट्याला दिसत नाही. एक अडकते आणि दुसरी प्लेटवर नुसती टेकलेली राहते, वरून बघितलं की सारखंच वाटतं. खालून हात घालून दोन्ही हुक चाचपून बघा आणि टीव्ही खालून हलकेच वर ढकला, सुटत असेल तर आत्ताच कळेल. मग खालचे लॉक स्क्रू.

मोबाईलमधली पातळी दाखवणारी सोय उघडून मोबाईल स्क्रीनच्या कडेच्या फ्रेमला टेकवला आणि ११ अंशाला नॉब आवळले.

एक गोष्ट प्लायमुळं आयतीच साधली. टीव्ही पुढं झुकला की वरची कड बाहेर येते आणि खालची कड भिंतीकडं जाते, आपल्याकडं सव्वाचार-साडेचार सेंटिमीटर. नुसता ब्रॅकेट असता तर खाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर राहिला असता, खालून वायर गेलीच नसती. प्लायचे १८ मिलिमीटर मिळाले म्हणून दोन बोटं जागा आहे. ब्रॅकेटवर "१५ अंश" लिहिलेलं असतं ते ब्रॅकेटचं, टीव्हीची पाठ जाड असेल तर तो आधीच भिंतीला टेकतो. एचडीएमआयची सरळ पिन मात्र तरीही मावेना, काटकोनी जोड आणला, १८० रुपये. लाईटची वायर बोर्डापासून केसिंगपट्टीतून, भिंत खोदली नाही, ही भिंत अजून खोदायची नाही.

२० नोव्हेंबर

सकाळी आप्पा म्हणाले टीव्हीनं मान टाकली. मोजलं तर १४ अंश. वजन बिजागरीच्या पुढं असल्यामुळं टीव्ही कायम खाली झुकायलाच बघतो, नॉब फक्त घर्षणानं धरून ठेवतो, आणि नवीन ब्रॅकेटवर रंगाचा गुळगुळीत थर असतो. नॉब काढला, आतल्या बाजूचा रंग पॉलिश पेपरनं घासून काढला, साध्या वायसरऐवजी दातेरी वायसर घातला आणि परत आवळला. दोन्ही बाजूंना सारखाच, नाहीतर टीव्ही एका अंगानं पिळतो आणि खालची कड तिरकी दिसते. पट्टीवर आणि प्लेटवर मार्करनं एकमेकांसमोर रेघ मारून ठेवलीय, हलला की मोजायची गरज नाही, नुसतं बघून कळतं.

७ डिसेंबर

रेघा समोरासमोर आहेत. प्लायचे सहा स्क्रू परत एकदा आवळून बघितले, त्यातला एक पाव आटा फिरला, बाकीचे नाही. पावसाळ्यानंतर परत बघणार, ही भिंत ओल धरते.

आप्पांच्या मानेची तक्रार नाही आणि चष्मा वर-खाली करणं थांबलंय. आईला मात्र खिडकीपाशी खुर्चीत बसून बघितलं की रंग फिके दिसतात, ते बाजूच्या कोनामुळं, झुकावाचा त्याच्याशी संबंध नाही. तिच्यासाठी हातवाला ब्रॅकेट लागला असता, तो या भिंतीत नाही. सध्या खुर्ची पलंगाच्या पायथ्याकडं सरकवलीय, तिला तिथून गल्ली दिसत नाही म्हणून ती नाराज आहे.

खर्च: ब्रॅकेट ६५०, प्लाय ३००, गिट्ट्या, स्क्रू, टी-नट, वायसर मिळून २०० च्या आसपास, काटकोनी जोड १८०, मामांचे ५००. फिक्स ब्रॅकेटमध्ये हेच अर्ध्या तासात आणि अर्ध्याहून कमी पैशात झालं असतं, साडेपाच फुटावर.

वरच्या मजल्यावर ३२ इंची लावायचाय, तिथली भिंत नंतर चढवलेली, सिमेंटमधली चार इंची विटेची आहे. तिथं लांब स्क्रूचा उलटा त्रास, १०० चा घातला तर पलीकडच्या बाथरूमच्या टाईल्सच्या अगदी जवळ जाऊन पोचेल. तिथं गिलावा धरून ६५ च्या आतच थांबायचं आणि ड्रिलच्या बीटला टेप गुंडाळून खोली बांधून घ्यायची. २०० बाय १०० चा जुना ब्रॅकेट तिथं बसतोय, आप्पांना सांगितलंय.